पातळ दाबपात्रातील रिवेटच्या लॅप जोडाची कार्यक्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील अनेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि डिप्लोमाला गेल्यावर मशीन डिझाइनचा विषय एकदम इंग्रजीतून त्यांच्यापुढे येतो. रिवेटच्या जोडाच्या धड्यात सूत्रे पाठ होतात, उत्तरही येते, पण नेमके काय तुटते आहे हे डोळ्यांसमोर उभे राहत नाही. त्या धड्यातील एकच उदाहरण धरून, वर्गात आणि वर्कशॉपमध्ये मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे सविस्तर घेतले आहेत.

आता सगळीकडे वेल्डिंग असताना रिवेटचा जोड कशासाठी शिकायचा?

नवीन बॉयलर किंवा हवेची टाकी आज कोणी रिवेट मारून बनवत नाही, हे खरे आहे. तरीही जुनी रिवेटची पात्रे तपासण्याची वेळ येते आणि तेव्हा त्या जोडाचा हिशेब यावाच लागतो. आपल्याकडे गुऱ्हाळावरची काहील जवळून पाहिलेल्या माणसाला पत्र्यावर पत्रा चढवून मारलेली रिवेटची ओळ नवी नाही. लॅप जोड म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की काहिलीला फक्त रस गळू द्यायचा नसतो, तर दाबपात्राच्या जोडाला हवा किंवा वाफ अडवण्याबरोबरच पत्र्यातील ताणही वाहून न्यावा लागतो.

जोडाची कार्यक्षमता म्हणजे नेमके काय?

अखंड प्लेट जेवढे बळ सहन करते, त्याच्या किती टक्के बळ जोड सहन करतो, ते प्रमाण म्हणजे जोडाची कार्यक्षमता. ती काढताना संपूर्ण शिवण घेण्याची गरज नसते. एका रिवेटच्या मध्यापासून त्याच ओळीतील पुढच्या रिवेटच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे पिच. एका पिचइतक्या रुंदीची पट्टी घेतली की शिवणीचा एक पूर्ण घटक हाती येतो, आणि बाकीची शिवण म्हणजे त्याच घटकाची पुनरावृत्ती असते.

या पट्टीत जोड तीन प्रकारे निकामी होऊ शकतो. दोन छिद्रांमधली प्लेट फाटते, रिवेट कातरला जातो, किंवा रिवेट आणि छिद्राची कड एकमेकांवर दाबली जाऊन चिरडतात. पुस्तकातले टिअरिंग, शिअरिंग आणि क्रशिंग ते हेच. तिन्हींची बळे वेगवेगळी काढायची, त्यातले सर्वांत लहान घ्यायचे आणि त्याला अखंड पट्टीच्या बळाने भागायचे.

```
फाटणे    Pt = (p − d) × t × σt
कातरणे   Ps = n × (π/4) × d² × τ
चिरडणे   Pc = n × d × t × σc
अखंड     P  = p × t × σt
```

येथे `p` म्हणजे पिच, `d` म्हणजे छिद्राचा व्यास, `t` म्हणजे प्लेटची जाडी आणि `n` म्हणजे एका पिचमध्ये येणारे रिवेट. `σt`, `τ` आणि `σc` हे अनुक्रमे ताणात, कातरण्यात आणि चिरडण्यात चालणारे सुरक्षित ताण. लॅप जोडात रिवेट एकाच पातळीवर कातरला जातो, म्हणून कातरण्याच्या सूत्रात क्षेत्रफळ एकदाच येते.

हे तीन प्रकार प्रत्यक्षात कसे ओळखू येतात?

आम्ही प्रयोगशाळेत दोन लोखंडी पट्ट्या एका रिवेटने जोडून ताण देण्याच्या यंत्रात ओढत असू. पट्टी अरुंद असेल तर छिद्राच्या दोन्ही बाजूंचे लोखंड आधी बारीक होत जाते, तिथला काळा थर तडकून पापुद्रे सुटतात आणि शेवटी पट्टी छिद्रातूनच आडवी फाटते. रिवेट मात्र शाबूत राहतो. पट्टी रुंद असेल तर पट्ट्यांना फारसे काही होत नाही, एक आवाज होतो आणि रिवेटचे दोन तुकडे होतात. तुटलेली बाजू जवळजवळ सपाट असते आणि बोटाने चाचपली तर ती घासल्यासारखी गुळगुळीत लागते. पट्ट्या पातळ आणि रिवेट जाड असेल तर काहीच चटकन तुटत नाही, पण गोल छिद्र लांबट होते आणि त्याच्या एका कडेला लोखंडाचा लहानसा ढिगारा उठतो. चिरडणे म्हणजे काय, हे ते लांबट छिद्र एकदा हातात घेतले की पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

जुन्या पात्राच्या दुरुस्तीत काढलेल्या प्लेटवर हीच चिन्हे शोधायची असतात. छिद्र लांबट झालेले दिसले, तर त्या जागी रिवेटने प्लेट दाबली आहे आणि जोड ढिला झाला आहे, असे समजावे.

सूत्रात रिवेटचा व्यास घालायचा की छिद्राचा?

छिद्राचा. रिवेट तापवून मारला की त्याचा दांडा फुगतो आणि छिद्र भरून टाकतो. १८ मिमीच्या रिवेटला १९ मिमीचे छिद्र पाडतात. मारून झाल्यावर कातरणारे आणि दाबणारे अंग १९ मिमीचेच असते. फाटण्याच्या बाबतीत तर प्लेटमधून गेलेले लोखंड छिद्राएवढेच असते, त्यामुळे तिथे शंकाच नाही. मात्र रिवेट नीट भरला गेला आहे हे येथे गृहीत धरलेले असते. रिवेट पुरेसा तापला नसेल किंवा रिवेटच्या डोक्याला मागून टेकवायचा जड लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, घट्ट धरली नसेल, तर छिद्रात पोकळी राहते आणि कागदावरचे १९ मिमी प्रत्यक्षात मिळत नाहीत.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

१००० मिमी आतील व्यासाची आणि १० मिमी जाड प्लेटची हवेची टाकी घेऊ. व्यास जाडीच्या शंभर पट आहे, म्हणून ती पातळ कवचात मोडते. कामाचे सुरक्षित ताण असे धरू : प्लेटला ताणात ८०, रिवेटला कातरण्यात ६० आणि चिरडण्यात १२०, सर्व न्यूटन प्रति चौरस मिमी.

छिद्राच्या व्यासासाठी `d = 6√t` हा अन्विनचा नियम वापरतात. १० चे वर्गमूळ ३.१६, त्यामुळे व्यास जवळजवळ १९ मिमी येतो. आता एका रिवेटचे बळ काढू. १९ मिमी व्यासाचे क्षेत्रफळ २८३.५ चौरस मिमी, म्हणून कातरण्याचे बळ १७,०१० न्यूटन होते. चिरडण्याचे बळ १९ × १० × १२०, म्हणजे २२,८०० न्यूटन. या दोघांत कातरणे कमजोर आहे, तेव्हा पिच ठरवताना प्लेटच्या फाटण्याची तुलना कातरण्याशी करायची.

रिवेटची एकच ओळ असेल तर `(p − 19) × 10 × 80 = 17010` या समीकरणातून पिच ४०.३ मिमी येते. आपण ४० मिमी घेऊ. तेव्हा दोन छिद्रांमध्ये २१ मिमी प्लेट उरते आणि फाटण्याचे बळ १६,८०० न्यूटन होते. अखंड पट्टीचे बळ ४० × १० × ८० म्हणजे ३२,००० न्यूटन. सर्वांत लहान बळ फाटण्याचे आहे, म्हणून कार्यक्षमता १६,८०० भागिले ३२,००० म्हणजे ५२.५ टक्के.

प्लेटचे जवळजवळ अर्धे बळ केवळ छिद्रे पाडल्यामुळे गेले. हा आकडा पाहून आपले काही चुकले असे विद्यार्थ्यांना वाटते, पण एका ओळीच्या लॅप जोडाची मर्यादाच तेवढी आहे.

दोन ओळी केल्यावर कार्यक्षमता का वाढते?

एका पिचमध्ये दोन रिवेट आले की कातरण्याचे बळ दुप्पट, म्हणजे ३४,०२० न्यूटन होते. त्यामुळे दोन छिद्रांमध्ये अधिक प्लेट ठेवणे परवडते, म्हणजेच पिच वाढवता येते. वरच्याच पद्धतीने पिच ६१.५ मिमी येते. ६० मिमी घेतली तर छिद्रांमध्ये ४१ मिमी प्लेट उरते, फाटण्याचे बळ ३२,८०० न्यूटन, चिरडण्याचे ४५,६०० न्यूटन आणि अखंड पट्टीचे ४८,००० न्यूटन. कार्यक्षमता ६८.३ टक्के. रिवेट वाढल्यामुळे प्लेट बळकट झाली असे नाही. रिवेट वाढल्यामुळे छिद्रे दूर ठेवता आली, आणि कार्यक्षमता वाढली ती छिद्रे दूर गेल्यामुळे.

येथे एक चूक फार वेळा होते. ओळी दोन, रिवेट दोन, म्हणून फाटण्याच्या सूत्रात `p − 2d` लिहिले जाते. प्लेट फाटते ती एका ओळीतून, आणि एका ओळीत एका पिचमागे एकच छिद्र असते. म्हणून वजाबाकी एकाच छिद्राची. दुसरी ओळ त्या फाटीच्या रेषेत नसतेच. मात्र दोन ओळी फार जवळ आणल्या तर फाट तिरकी होऊन एका ओळीतल्या छिद्रातून दुसऱ्या ओळीतल्या छिद्राकडे जाऊ शकते. ती टाळण्यासाठी एकाआड एक मांडणीत दोन ओळींमधले अंतर `0.33p + 0.67d` एवढे तरी ठेवतात. आपल्या उदाहरणात ते सुमारे ३३ मिमी येते. तसेच शेवटच्या ओळीपासून प्लेटच्या कडेपर्यंत छिद्राच्या दीडपट, म्हणजे साधारण ३० मिमी जागा सोडली की कड फाटण्याचा वेगळा हिशेब करावा लागत नाही.

मग पिच आणखी वाढवली तर कार्यक्षमताही वाढतच जाईल का?

नाही, आणि या विषयातला सर्वांत समजून घेण्यासारखा भाग हाच आहे. दोन ओळींच्या त्याच जोडात पिच ७० मिमी करून पाहा. फाटण्याचे बळ ४०,८०० न्यूटनपर्यंत वाढते, पण रिवेट तेवढेच आहेत, त्यामुळे जोड ३४,०२० न्यूटनलाच कातरला जातो. अखंड पट्टी मात्र आता ५६,००० न्यूटनची झाली. कार्यक्षमता ६०.८ टक्क्यांवर घसरते. उलट पिच ५० मिमी केली तर प्लेट २४,८०० न्यूटनला फाटते, अखंड बळ ४०,००० न्यूटन, आणि कार्यक्षमता ६२ टक्के येते. दोन्ही बाजूंना उतार आहे. शिखर तिथे असते, जिथे फाटणे आणि कातरणे यांची बळे सारखी होतात.

म्हणून केवळ टक्केवारी सांगून जोड कळत नाही. ६०.८ आणि ६२ हे आकडे शेजारी दिसतात, पण पहिला जोड रिवेटमध्ये कमजोर आहे आणि दुसरा प्लेटमध्ये. उत्तरपत्रिकेत टक्केवारीखाली कोणता प्रकार आधी घडेल हे एका ओळीत लिहा, असा आग्रह मी नेहमी धरतो.

तीन ओळी, चार ओळी असे करत का जात नाहीत?

बळाच्या हिशेबाने तीन ओळींत पिच सुमारे ८३ मिमीपर्यंत नेता येते. पण दाबपात्राचा जोड नुसता टिकून चालत नाही, तो गळताही कामा नये. त्यासाठी वरच्या प्लेटची कड बोथट छिन्नीने ठोकून खालच्या प्लेटवर घट्ट बसवतात, याला कॉकिंग म्हणतात. रिवेट फार दूर असले तर मधली प्लेट उचलली जाते आणि ठोकलेली कड टिकत नाही. म्हणून बॉयलरच्या नियमांत पिचला वरची मर्यादा आहे : `p = C × t + 41.28` मिमी, आणि लॅप जोडासाठी `C` एका ओळीला १.३१, दोन ओळींना २.६२ आणि तीन ओळींना ३.४७ धरतात. आपल्या १० मिमी प्लेटला तीन ओळींची मर्यादा ७६ मिमीच्या आसपास येते. ७५ मिमी पिच घेतली तर कार्यक्षमता ७४.७ टक्के होते. दुसऱ्या ओळीने जवळजवळ १६ टक्के दिले होते, तिसरीने साडेसहाच्याही आत दिले, आणि रिवेट, छिद्रे व मजुरी मात्र वाढली. आपल्या दोन ओळींच्या जोडाची मर्यादा ६७.५ मिमी आहे, म्हणजे ६० मिमी पिच तिच्यात बसते आणि वर पाहिलेली ७० मिमी तशीही बसली नसती.

चिरडण्याचे बळ कधी निर्णायक ठरते? उदाहरणात ते नेहमी मोठेच येते.

प्लेट पातळ आणि रिवेट जाड असेल तेव्हा. एका रिवेटचे कातरणे आणि चिरडणे सारखे धरले, तर आपल्या ताणांना व्यास जाडीच्या सुमारे २.५५ पट येतो. म्हणजे १९ मिमी छिद्राला प्लेट साडेसात मिमीपेक्षा पातळ झाली की चिरडणे पुढे येते. अन्विनचा नियम ८ मिमीच्या खालच्या प्लेटला लावत नाहीत. तिथे कातरणे आणि चिरडणे सारखे धरून व्यास काढतात.

हातात असलेल्या ताणांच्या किमती बदलल्या तर टक्केवारीही बदलेल का?

तिन्ही ताण सारख्याच प्रमाणात बदलले तर टक्केवारी बदलणार नाही, कारण सर्वांत लहान बळ आणि अखंड बळ दोन्ही त्याच पटीत बदलतात. प्लेट आणि रिवेट यांच्या ताणांतील परस्पर प्रमाण बदलले, तर मात्र शिखर दुसऱ्या पिचवर सरकते.

या कार्यक्षमतेवरून टाकीचा दाब कसा ठरतो?

पातळ कवचात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या शिवणीवर ताण सर्वांत जास्त येतो, कारण दाब टाकीला उभी चिरण्याचा प्रयत्न करतो. त्या शिवणीसाठी सुरक्षित दाब `2 × t × σt × η / D` इतका असतो; येथे `η` म्हणजे जोडाची कार्यक्षमता आणि `D` म्हणजे टाकीचा आतील व्यास. दोन ओळींच्या जोडाला तो १.०९ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे सुमारे १०.९ बार येतो. एका ओळीच्या जोडाला ०.८४, म्हणजे ८.४ बार. टाकीभोवती गोल फिरणाऱ्या शिवणीवर ताण निम्माच असल्यामुळे तिथे एका ओळीचा ५२.५ टक्क्यांचा जोडही १६.८ बारपर्यंत चालतो. म्हणूनच जुन्या बॉयलरवर गोल शिवणीला साधा लॅप जोड आणि लांब शिवणीला अधिक भक्कम जोड दिसतो.

गंजाने प्लेट पातळ झाली तर कार्यक्षमता किती कमी होते?

येथे टक्केवारी फसवते. १० मिमीची प्लेट सगळीकडे ८ मिमी उरली, तर दोन ओळींच्या जोडात फाटण्याचे बळ २६,२४० न्यूटन होते, पण ८ मिमीच्या अखंड पट्टीचे बळही कमी होऊन ३८,४०० न्यूटनवर येते. भागाकार पुन्हा ६८.३ टक्केच. मूळ १० मिमी प्लेटशी तुलना केली, तर मात्र तोच जोड ५४.७ टक्क्यांवर आलेला आहे. सुरक्षित दाब १०.९ बारवरून ८.७ बारवर येतो. त्यामुळे जुन्या पात्राची जाडी मोजल्याशिवाय नावाच्या पाटीवरील कार्यक्षमता वापरून दाब ठरवू नये. शिवणीजवळ, जिथे ओल आणि गळती असते, तिथली जाडी वेगळी मोजावी.

उलट्या बाजूची चूकही होते. दुरुस्तीत १४ मिमीची जाड प्लेट बसवली आणि रिवेट व पिच जुनेच ठेवले, तर फाटणे ४५,९२० न्यूटन होते, पण जोड ३४,०२० न्यूटनलाच कातरला जातो आणि कार्यक्षमता ५०.६ टक्के येते. जोडाच्या बळात वाढ झाली ती फक्त ३२,८०० वरून ३४,०२० एवढीच.

तिन्ही बळे पुरेशी असूनही लांब शिवणीला लॅप जोड का टाळतात?

कारण वरचा हिशेब एक गोष्ट धरतच नाही. लॅप जोडात दोन्ही प्लेटांतले बळ एका रेषेत नसते. आपल्या उदाहरणात त्यांच्यात १० मिमीचे अंतर आहे. प्रयोगशाळेतली जोडलेली पट्टी ओढताना बाजूने पाहिली, तर ती जोडापाशी वाकून दोन्ही बळे एका रेषेत आणू पाहते हे साध्या डोळ्यांनी दिसते. टाकीतही तसेच होते. प्लेटवर प्लेट चढल्यामुळे कवच त्या जागी खरे वर्तुळ राहत नाही, आणि दाब दर वेळी त्याला गोल करायला बघतो. दाब चढला की वाकणे, उतरला की सरळ होणे, असे वर्षानुवर्षे चालले की रिवेटच्या ओळीला लागून प्लेटमध्ये चीर सुरू होते. ती बहुधा दुसऱ्या प्लेटने झाकलेल्या भागात असते, म्हणून बाहेरूनही दिसत नाही आणि आतूनही नाही.

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन गावी एका बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ माणसे गेली. त्या बॉयलरची शिवण लॅप जोडाची होती आणि कारण अशी झाकलेली चीरच मानले गेले. त्यानंतर १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरचे नियम केले, आणि १९१४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची पहिली बॉयलर संहिता आली. लांब शिवणीला दोन प्लेटा समोरासमोर आणून आत व बाहेर पट्ट्या लावलेला बट जोड वापरतात, तो बळ एका रेषेत राहावे म्हणूनच.

अशी झाकलेली चीर ओळखायची कशी?

शिवणीच्या कडेला एकाच जागी पुन्हा पुन्हा ओल येणे, ती वाळून पांढरा क्षार साचणे, आणि कॉकिंग करूनही काही दिवसांत गळती परतणे, ही चिन्हे गंभीर मानावीत. कड पुन्हा ठोकून गळती थांबते, पण चीर थांबत नाही. उलट ती दिसेनाशी होते. रिवेट ढिला आहे का हे पाहायला डोक्याच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने हलकेच हातोडी मारतात. ढिल्या रिवेटची हालचाल बोटाला कळते. चीर मात्र या युक्तीने कळत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक तपासणी करावी, किंवा शंका पक्की असेल तर त्या जागचे काही रिवेट काढून छिद्राची कड भिंगातून पाहावी. तोपर्यंत टाकीवर दाब चढवू नये.